पाकशाळा : हातगाडीवरच्या नूडल्स आणि फ्राइड राइस, घरच्या शेगडीवर

मुंबई-पुण्याच्या कोणत्याहि नाक्यावर दिवेलागणीनंतर चिनी खाद्यांची एक तरी हातगाडी उभी असते. मोठ्या आवाजानें फुरफुरणारी शेगडी, तीवर काळी कढई आणि झाऱ्याचा खणखणाट, एवढ्या सामग्रीवर तो गाडीवाला पांच मिनिटांत बशीभर नूडल्स पुढें करतो. घरांतील तरुण मंडळींना तें खाद्य प्रिय असतें. वडील मंडळींना त्यांतील तेल व मीठ सोसत नाहीं. या दोहोंच्या मध्यें सांपडलेल्या गृहिणीनें तेंच घरीं करावयास घेतलें म्हणजे कढईंत बहुधा एक ओलसर, फिकट गोळा तयार होतो. मग दुसऱ्या खेपेस ती तेल वाढविते, तिसऱ्या खेपेस सॉस वाढविते, आणि अखेर गाडीवरचेंच बरें असें म्हणण्याची पाळी येते. वस्तुतः तिच्या कढईंत कमी असें कांहींच पडलेलें नसतें. एक वस्तु मात्र अधिक झालेली असते, व ती म्हणजे पाणी.

या खाद्याच्या कुळाबद्दल दोन शब्द सांगून पुढें जाऊं. आपण ज्याला चिनी म्हणतों तें बव्हंशी कलकत्त्याचें आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या शहराच्या आसपास चिनी लोकांची वस्ती होऊं लागली; पुढें हाक्का समाजाचे लोक आले आणि टांगरा भागांत कातडीं कमावण्याचा धंदा करूं लागले. ‘हाक्का नूडल्स’ हें नांव त्यांच्यावरूनच पडलें. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ते कारखाने तेथून हलविण्याचा आदेश दिला, आणि आज टांगऱ्याचें नांव कातड्यापेक्षां तेथील भोजनगृहांसाठींच अधिक घेतलें जातें. सोया सॉस त्यांनीं आणला. हिरवी मिरची, झणझणीतपणा आणि टोमॅटोचा सॉस ही आपल्या जिभेनें घातलेली भर. तेव्हां ‘खरें चिनी’ साधलें कीं नाहीं, या विवंचनेंत कोणीं पडण्याचें कारण नाहीं.

गाडीवर तेल इतकें सढळ कां पडतें हें नीट पाहिलें, म्हणजे तें कोठें वांचवितां येईल हें कळतें. गाडीवाला नूडल्स दुपारींच उकडून ठेवतो. त्या रात्रीपर्यंत एकमेकींस चिकटूं नयेत म्हणून तो त्यांना भरपूर तेल चोळतो. हें तेल केवळ साठवणीसाठीं असतें. चवीशीं त्याचा संबंध फारसा नाहीं. दुसरें तेल कढईंत पडतें. त्यामुळें तापलेल्या लोखंडाची उष्णता भाजीच्या सर्व बाजूंस पोंचते आणि कांहीं खालीं लागत नाहीं. तिसरें काम लसूण-मिरचीचा वास साऱ्या पदार्थाला लावण्याचें. परंतु त्याला दोन लहान चमचे तेल पुरे होतें, हें आपल्या वरणाच्या फोडणीवरून कोणाहि गृहिणीस ठाऊक आहे. म्हणजे साठवणीचें तेल घरीं सर्वस्वीं वगळतां येतें, आणि कढईंतलें तेल निम्म्याहून खालीं आणतां येतें. मात्र त्यासाठीं कढई खरोखर तापलेली असावी व तींत पडणारा जिन्नस कोरडा असावा.

या कोरडेपणाचें महत्त्व मोठें आहे. कढईंत पाणी असेपर्यंत त्यांतील पदार्थाची उष्णता शंभर अंशांच्या वर फारशी चढत नाहीं. सारी आंच त्या पाण्याची वाफ करण्यांत खर्ची पडते. भाजीच्या कडा किंचित् भाजून जो खमंगपणा येतो, त्याला याहून पुष्कळ अधिक उष्णता लागते. गाडीवरची शेगडी आपल्या गॅसच्या शेगडीहून कितीतरी पटींनीं प्रखर असते, म्हणून सुटलेलें पाणी तेथें क्षणांत उडून जातें. आपल्या घरच्या मोठ्या शेगडीला शंभर ग्रॅम पाणी उडवावयास चार-पांच मिनिटें लागतात, आणि तेवढ्या वेळांत कोबी शिजून मऊ होतो, नूडल्स फुगतात, व गोळा तयार होतो. शेगडी बदलणें आपल्या हातीं नाहीं. पाणी कमी करणें आणि एका वेळीं कढईंत थोडेंच घालणें, या दोन गोष्टी मात्र आपल्या हातच्या आहेत. एकत्र कुटुंबांत नेमकी हीच दुसरी गोष्ट होत नाहीं. दहा माणसांचा पोहा एका कढईंत होतो, तर दहा माणसांच्या नूडल्स कां होऊं नयेत, असें आपणांस वाटतें. पोहा झांकण ठेवून वाफेवर होतो, आणि येथें वाफच शत्रु आहे!

आतां चार माणसांचें प्रमाण घेऊन प्रत्यक्ष कृति पाहूं. आठ माणसें असतील तर सारें साहित्य दुप्पट चिरून ठेवावें, परंतु कढईंत घालतांना कृति दोनदां करावी. साहित्य असें : कोरड्या हाक्का नूडल्स ३०० ग्रॅम, कोबी २०० ग्रॅम, गाजर १०० ग्रॅम, ढोबळी मिरची १०० ग्रॅम, फरसबीच्या दहा-बारा शेंगा, पातीचे चार-पांच कांदे, लसणीच्या आठ पाकळ्या, बोटाच्या एका पेराएवढें आलें, दोन हिरव्या मिरच्या आणि एकंदर पांच लहान चमचे तेल. माणशीं सव्वा चमचा तेल पडतें. चातुर्मासांत ज्या घरीं कांदा-लसूण वर्ज्य असते तेथें आलें दुप्पट घ्यावें व मिरपूड थोडी वाढवावी. पदार्थाची तऱ्हा बदलते, पण तो बेचव होत नाहीं.

भाज्या निदान तासभर आधीं धुवून स्वच्छ फडक्यावर पसरून ठेवाव्या. पाण्याचा पहिला मार्ग येथेंच बंद होतो. कोबी व गाजर विळीवर किंवा सुरीनें लांब, पातळ चिरावें; किसूं नये. किसणीनें भाजीच्या पेशी फाटतात आणि तिचा रस कढईंत पडतांक्षणींच सुटतो. चिरलेल्या भाजीला आधीं मीठ लावून ठेवण्याची आपली संवयहि येथें घातक आहे, कारण मीठ पाणी ओढून काढतें. कोशिंबिरीचा अनुभव सर्वांस आहेच.

नूडल्ससाठीं पातेल्यांत तीन लिटर पाणी खळखळून उकळावें. पाणी थोडें असेल तर नूडल्सचें पीठ त्यांतच दाट होतें व त्या बुळबुळीत होतात. पाण्यांत तेलाचा चमचा घालण्याची चाल सर्वत्र आहे, परंतु तें तेल वर तरंगतें आणि पाण्याबरोबरच वाहून जातें; फेंस थोडा बसतो एवढाच त्याचा उपयोग. मीठहि घालूं नये, कारण पाकिटांतील नूडल्समध्यें तें बहुधा असतेंच. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधीं एक तार काढून नखानें तोडावी. आंत सुईच्या टोंकाएवढा पांढरा ठिपका दिसला कीं लगेच चाळणींत ओताव्या आणि थंड पाण्याखालीं हातानें हलवून धुवाव्या. यायोगें शिजणें थांबतें आणि वरचें चिकट पीठ निघून जातें. तेल चोळून जें साधावयाचें तें या धुण्यानें साधतें. मग चाळणी चांगली झटकून नूडल्स मोठ्या परातींत किंवा पंचावर पसराव्या, वरून एक लहान चमचा तेल बोटांनीं फिरवावें आणि पंख्याखालीं वीस मिनिटें राहूं द्याव्या. हात लावला असतां बोटें ओलीं होऊं नयेत, ही खूण.

तोंवर सॉस एका वाटींत एकत्र करून ठेवावे : सोया सॉस दीड मोठा चमचा, व्हिनेगर दोन लहान चमचे, तिखट सॉस दोन लहान चमचे, टोमॅटोचा सॉस दोन लहान चमचे आणि अर्धा लहान चमचा मिरपूड. कढईपाशीं उभें राहून बाटल्यांचीं बुचें उघडीत बसलें तर भाजी जळते किंवा मऊ पडते. बाजारी तिखट सॉस नको असेल तर आठ ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यांत अर्धा तास भिजवाव्या, सहा लसणीच्या पाकळ्या, एक मोठा चमचा व्हिनेगर व अर्धा लहान चमचा साखर यांसह बारीक वाटाव्या आणि चमचाभर तेलांत दोन मिनिटें परताव्या. रंग उत्तम येतो, तिखटपणा बेताचा राहतो, आणि शीतपेटींत आठवडाभर टिकतें.

कढई पातळ लोखंडाची असावी. न चिकटणारा लेप दिलेलीं भांडीं या कामास घेऊं नयेत. तीं रिकामीं, मोठ्या आंचेवर तापवीत ठेवलीं तर लेप बिघडतो व त्याचा धूर अपायकारक असतो. लोखंडी कढई मात्र रिकामीच तापवावी. पाण्याचा थेंब टाकतांच तो गोळी होऊन धांवूं लागला, म्हणजे ती तयार झाली. आतां दोन लहान चमचे तेल कडेनें फिरवावें. शुद्ध केलेलें शेंगदाण्याचें किंवा करडईचें तेल चांगलें. घाण्याचें तेल लवकर धुरतें. आलें-लसूण-मिरची टाकून आठ-दहा सेकंद हलवावी. लसूण तांबूस होण्याची वाट पाहूं नये, कारण ती पुढें कडवट लागते. लागलीच गाजर व फरसबी घालावी. मिनिटभरानें भाज्यांच्या निम्म्या वाट्यापैकीं कोबी, ढोबळी मिरची व पातीचा पांढरा भाग घालावा आणि आणखी मिनिटभर सतत परतावें. निम्म्या भाज्या दुसऱ्या खेपेसाठीं बाजूस ठेवलेल्या असाव्या, हें लक्षांत ठेवावें.

या वेळीं डोळ्यांपेक्षां कानाचा उपयोग अधिक होतो. कढई ठीक असेल तर चर्र असा कोरडा आवाज अखंड येतो. तो मंदावून खदखदल्यासारखा होऊं लागला, तर तळाशीं पाणी सांचलें असें समजावें. अशा वेळीं आंच तशीच ठेवून परतीत राहिल्यास कांहीं साधत नाहीं. भाजी ताटांत काढावी, कढई फडक्यानें कोरडी करावी, पुन्हां पूर्ण तापवावी व मग पुढें जावें. अशानें एक मिनिट जातें पण पदार्थ वांचतो.

भाजी कच्चट-कुरकुरीत असतांनाच ताटांत काढून घ्यावी. त्याच कढईंत निम्म्या नूडल्स एकट्याच घालाव्या, पसराव्या आणि अर्धा मिनिट अजिबात हलवूं नयेत; मग उलट्या कराव्या. कांहीं तारांवर तपकिरी डाग दिसूं लागले म्हणजे निम्मा सॉस नूडल्सवर न ओतितां कढईच्या तापलेल्या कडेवर ओतावा. लोखंडाला लागतांच तो फसफसतो, त्यांतील पाणी उडतें आणि सोया किंचित् भाजून जो वास सुटतो, तोच गाडीवरचा वास. मग भाजी परत घालून, दोन झाऱ्यांनीं वर उचलीत एकत्र करावें, पातीचा हिरवा भाग घालावा व लगेच वाढावें. उरलेल्या दोन चमचे तेलांत दुसरी खेप अशीच करावी. व्हिनेगर लोखंडाला काळें पाडतें व अन्नाला लोखंडी चव देतें, म्हणून पदार्थ कढईंत ठेवूं नये.

वरून मीठ घातलें नाहीं हें चतुर वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे सुमारें नऊशें मिलिग्रॅम सोडियम, म्हणजेच जवळजवळ सव्वादोन ग्रॅम मीठ. दीड चमच्यांतून साडेतीन ग्रॅमच्या आसपास मीठ येतें; बाकीच्या सॉसांतील थोडें धरून तें चौघांत वांटलें, तर माणशीं एक ग्रॅमच्या आंतबाहेर पडतें, आणि नूडल्समधील वेगळेंच. प्रौढ माणसानें दिवसाकाठीं एकंदर पांच ग्रॅमहून कमी मीठ खावें असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. रंग गडद व्हावा म्हणून बाटली उलटी करणाऱ्यानें हा हिशेब मनांत ठेवावा. ज्या आजोबांना रक्तदाबासाठीं मीठ तोडावयास सांगितलें आहे, त्यांचा वाटा सॉस घालण्यापूर्वीं काढून घेऊन घरची मिरचीची चटणी, व्हिनेगर व मिरपूड एवढ्यावरच तयार करावा. भाजलेल्या नूडल्सचा खमंगपणा त्यांतहि असतोच. अजिनोमोटोची धास्ती घेणाऱ्यांस एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, त्यांत वजनाच्या मानानें मिठाच्या एक-तृतीयांशाहूनहि कमी सोडियम असतें, आणि तीच ग्लुटामेटाची चव पिकल्या टोमॅटोंतहि असते. येथें त्याची गरज मात्र नाहीं. भीति बाळगावयाचीच तर ती सोया सॉसच्या सढळ हाताची बाळगावी.

आतां फ्राइड राइस. तत्त्व तेंच असल्यानें परतण्याबद्दल पुन्हां सांगत नाहीं. तांदुळाबद्दल मात्र सांगितलें पाहिजे. जुना कोलम उत्तम. आंबेमोहोर कितीहि सुवासिक असला तरी त्याचा भात मऊ व चिकट होतो, तो साध्या वरणाबरोबरच शोभतो. चौघांसाठीं दोन वाट्या, म्हणजे ३०० ग्रॅम तांदूळ तीनदां धुवून वीस मिनिटें भिजवावे, दोन लिटर उकळत्या पाण्यांत सोडावे, आणि शीत चिमटींत दाबलें असतां मध्यें बारीकसा कण लागेल अशा बेतानें वेळून घ्यावे. कुकरमधील भाताला हें साधत नाहीं. पेज काढल्यानें पीठ निघून जातें आणि शीतें मोकळीं होतात. भात परातींत पातळ पसरून पंख्याखालीं अर्धा तास ठेवला, कीं तो परतावयास योग्य होतो. निम्मा निम्मा करून, एकंदर तीन लहान चमचे तेलांत व एक मोठा चमचा सोया सॉसमध्यें तो उत्तम होतो. व्हिनेगर चमचाभर, मीठ पाव चमचा, टोमॅटोचा सॉस मुळींच नको. शीतें झाऱ्यानें दाबूं नयेत, खालून उचलावीं.

आदल्या दिवसाचा भात घ्यावा असें पुष्कळ ठिकाणीं सांगितलें जातें, व तें चुकीचें नाहीं. थंड होतांना भात घट्ट व वरून कोरडा होतो. आपला फोडणीचा भातहि याच कारणास्तव शिळ्या भाताचा चांगला होतो. परंतु रात्रभर ओट्यावर झांकून ठेवलेला भात आणि शीतपेटींतला भात यांत मोठें अंतर आहे. बॅसिलस सिरियस नांवाच्या जंतूचे बीजाणु तांदळांत असतात व ते उकळीनेंहि मरत नाहींत. भात कोमट राहिला म्हणजे ते वाढीस लागतात आणि त्यांच्यापासून एक विष तयार होतें. तें पुढें कितीहि परतलें तरी नाहीसें होत नाहीं, व भाताला वास आला नसतांहि तें असूं शकतें. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत ओकाऱ्या सुरू होतात. पातेल्यांत दाबून भरलेल्या भाताचा मधला भाग तर तासन्‌तास ऊन राहतो. म्हणून उद्यांसाठीं भात ठेवावयाचा तर तो परातींत पसरून तासाभरांत निववावा, उथळ डब्यांत घालून शीतपेटींत ठेवावा आणि दुसऱ्या दिवशींच संपवावा. परततांना तो आंतपर्यंत चांगला वाफाळेल इतका तापवावा, आणि एकदां परतलेला पुन्हां ठेवूं नये. कोंकणांतील दमट उन्हाळ्यांत तर रात्रीच्या पानांनंतर हें काम सकाळवर टाकूंच नये.

दोन्ही पदार्थ एकाच संध्याकाळीं करावयाचे तर आधीं भात वेळून पसरावा, मग नूडल्स उकडाव्या, म्हणजे दोन्ही पंख्याखालीं बरोबरच सुकतात. मंडळी पाटावर बसल्यावरच कढई तापवावी. बिनसॉसाचा वाटा पहिल्या खेपेंतून निघत असल्यानें वडील माणसांचीं पानें आधीं वाढून होतात; मुलांना दुसऱ्या खेपेची वाट पाहावी लागते, आणि तेवढा वेळ तीं कढईभोंवतीं उभीं राहून तो खणखणाट ऐकत असतात.